विक्री वाढली, नफ्याचा टक्का जवळपास तोच राहिला. मग तीन वर्षांत फाउंड्रीचा खर्च सरकला कोठे?

शिरोलीची_भट्टी

शिरोली एमआयडीसीत आमची ग्रे आयर्नची फाउंड्री आहे. भागीदारी संस्था असून ट्रॅक्टरचे आणि पंपाचे भाग ओतले जातात. हिशेबाचे काम माझ्याकडे आहे. कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणासाठी तीन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडले, तेव्हा बँकेच्या अधिकाऱ्यांनी एकच प्रश्न विचारला: नफ्याचा टक्का पहिल्या आणि तिसऱ्या वर्षी जवळपास सारखाच असताना मधल्या ओळी इतक्या कशा हलल्या? माझ्याकडे समाधानकारक उत्तर नव्हते. म्हणून प्रत्येक खर्च विक्रीच्या टक्केवारीत, म्हणजे कॉमन साइज पद्धतीने, आणि शेवटच्या स्तंभात २०२२-२३ ला १०० धरून येणारा कल असा तक्ता येथे देत आहे. विक्री जीएसटी वगळून आहे.

| | २०२२-२३ | २०२३-२४ | २०२४-२५ | २०२४-२५ चा कल |
|---|---|---|---|---|
| विक्री, लाख रुपयांत | २४०० | २४०० | २५९२ | १०८ |
| कच्चा माल | ५५.० | ५३.० | ५२.० | १०२ |
| वीज व इंधन | ११.० | ११.८ | १२.० | ११८ |
| बाहेरचे जॉबवर्क | १०.० | ७.७ | ४.२ | ४५ |
| मजुरी व पगार | ९.० | १०.१ | ११.३ | १३६ |
| इतर खर्च | ६.० | ६.१ | ६.० | १०८ |
| घसारा | २.० | ३.८ | ५.० | २७१ |
| व्याज | २.० | ३.६ | ४.५ | २४४ |
| करपूर्व नफा | ५.० | ३.९ | ४.९ | १०७ |

वडिलांचे ठाम मत असे, की कच्च्या मालात आम्ही सुधारलो आणि ती सुधारणा महावितरणने खाल्ली. मला हे पूर्ण पटत नाही, पण खोडताही येत नाही.

जमाखर्च_जयसिंगपूर

वडिलांचे म्हणणे बरोबर आहे असे मला वाटते. हा तक्ता वाचण्याची सोपी रीत अशी, की विक्रीचा कल १०८ आहे, त्याच्या वर गेलेला प्रत्येक खर्च हाताबाहेर चालला आहे आणि त्याच्या खाली राहिलेला प्रत्येक खर्च काबूत आहे. कच्चा माल १०२ वर थांबला, याचा अर्थ रिजेक्शन कमी झाले आणि धातूचा उतारा सुधारला. विक्रीच्या तीन टक्के म्हणजे जवळपास ७८ लाखांची ही बचत आहे. वीज ११८ आणि मजुरी १३६ ही दोन दुखणी आहेत. विजेसाठी छतावर सौर पॅनेल बसवावेत आणि मजुरांची संख्या तपासावी, एवढे पुरेसे आहे.

खतावणी

विक्रीच्या कलाशी तुलना करण्याची जमाखर्च साहेबांची रीत पहिली चाळणी म्हणून मला मान्य आहे. मात्र चाळणीतून काय खाली पडले हे ठरवण्याआधी तीन गोष्टी विचारायला हव्यात, नाहीतर आपण छापलेल्या आकड्यांशी भांडत बसू.

पहिली गोष्ट खात्यांच्या वर्गवारीची. जॉबवर्क ४५ वर आले आणि त्याच काळात मजुरी १३६ वर गेली, अशी उलटसुलट जोडी दिसली की मी आधी टॅलीत जाऊन पाहते, एखाद्या ठेकेदाराचे खाते एका ग्रुपमधून दुसऱ्या ग्रुपमध्ये हलवले गेले आहे का. दुसरी गोष्ट, तिन्ही वर्षांत विकलेल्या कास्टिंगचे टन किती? तिसरी, घसारा पावणेतीनपट झाला आहे, तर कोणती यंत्रे घेतली आणि ती नेमकी कोणत्या तारखेला चालू झाली? शिवाय व्याजाच्या ओळीत भागीदारांच्या भांडवलावरचे व्याज मिसळलेले आहे का, तेही सांगावे.

शिरोलीची_भट्टी

ताई, तुमचा पहिलाच प्रश्न लागू पडला. एप्रिल २०२४ पासून नवे अकाउंटंट आले आणि त्यांनी फेटलिंगच्या ठेकेदाराची बिले जॉबवर्कऐवजी मजुरीत घेतली. ती रक्कम २२ लाख आहे. ती परत जागेवर नेली, की २०२४-२५ चे जॉबवर्क १३० लाख म्हणजे ५.० टक्के आणि कल ५४ होतो, तर मजुरी २७२ लाख म्हणजे १०.५ टक्के आणि कल १२६ होतो.

कास्टिंगची विक्री अनुक्रमे २४००, २५०० आणि २७०० टन आहे. मशिनिंग पूर्वी उद्यमनगरातून करून घेत होतो. ग्राहकाने मशिनिंग केलेलाच माल हवा असा आग्रह धरला, तेव्हा ६ कोटी ८० लाखांची सीएनजी आणि व्हीएमसी यंत्रे घेतली आणि २०२३ च्या दसऱ्याला ती चालू केली. त्यासाठी मुदत कर्ज ५ कोटींचे आहे. व्याजात फक्त बँकेचे व्याज आहे, भागीदारांचे नाही.

दुरुस्ती: वर सीएनजी नव्हे, सीएनसी. मोबाइलने आपल्या मनाने बदलले.

खतावणी

आता चित्र बरेच वेगळे दिसते. कच्च्या मालापासून सुरुवात करते, कारण वडिलांचा आणि जमाखर्च साहेबांचा सगळा आनंद त्या एका ओळीवर उभा आहे.

टनांनी भागून पाहा. पहिल्या वर्षी तुम्हाला किलोमागे १०० रुपये विक्री मिळत होती आणि त्यात ५५ रुपयांचा कच्चा माल होता. तिसऱ्या वर्षी विक्री किलोमागे ९६ रुपये झाली आणि कच्चा माल ५० रुपयांच्या आसपास आला. म्हणजे माल पाच रुपयांनी स्वस्त पडला आणि त्यातले चार रुपये ग्राहकाने दरात कापून घेतले. पिग आयर्न आणि स्क्रॅपच्या दरानुसार दर तिमाहीला कास्टिंगचा दर खालीवर करण्याचा तुमचा करार असणारच; ट्रॅक्टरवाले त्याशिवाय ऑर्डर देत नाहीत.

या कराराचा टक्केवारीवर होणारा परिणाम मोठा फसवा आहे. समजा तुमची कार्यक्षमता तसूभरही बदलली नाही, माल बरोबर चार रुपयांनी उतरला आणि विक्रीचा दरही बरोबर चार रुपयांनी उतरला. तर ५५ भागिले १०० ऐवजी ५१ भागिले ९६ होते, म्हणजे ५३.१ टक्के. रिजेक्शन तेवढेच, उतारा तेवढाच, आणि तरीही कागदावर जवळजवळ दोन टक्क्यांची ‘सुधारणा’ उमटली. तुमच्या तीन टक्क्यांतला मोठा हिस्सा हा असा निव्वळ भागाकारातून आला आहे. उरलेला किलोमागे साधारण एक रुपया, म्हणजे वर्षाला २९ लाखांच्या आसपास, खरोखर तुमच्या हातात राहिला. पण तो उताऱ्यामुळे राहिला की दरकपात लागू होण्यात गेलेल्या तीन महिन्यांमुळे, हे या तक्त्यावरून कळणार नाही. त्यासाठी भट्टीचे रजिस्टर उघडून ओतलेला धातू आणि पास झालेले कास्टिंग यांचे प्रमाण तिन्ही वर्षांचे काढावे लागेल. दर पुन्हा चढू लागले की उशिराचा फायदा तितक्याच उशिराच्या तोट्यात बदलतो, हेही लक्षात असू द्या.

विजेचेही तसेच आहे, फक्त उलट्या दिशेने. विक्रीचा कल १०८ आणि विजेचा ११८ पाहून दहा अंकांची दरी दिसते. पण भट्टी रुपये वितळवत नाही, टन वितळवते, आणि टनांचा कल ११२.५ आहे. किलोमागे वीज ११ रुपयांवरून साडेअकरावर गेली आहे, एवढेच. त्यातही नव्या यंत्रांची वीज आहे, जी पूर्वी उद्यमनगरातल्या मशिनिंगवाल्याच्या बिलात दडलेली होती. महावितरणने तुमचा नफा खाल्ला, असे या आकड्यांवरून मुळीच म्हणता येत नाही. बिलातला मागणी आकार आणि पॉवर फॅक्टर एकदा वेगळे तपासा, कारण यंत्रे वाढली म्हणजे मागणीही वाढवून घेतली असणार.

जमाखर्च_जयसिंगपूर

५१ भागिले ९६ चा मुद्दा मान्य. मी टक्का पाहून सरळ उताऱ्यावर गेलो होतो. पण मग कॉमन साइजचा उपयोग काय राहिला? प्रत्येक ओळ शेवटी टनांवरच आणायची असेल, तर विक्रीने भागण्याचा खटाटोप कशाला?

इचलकरंजीचा_माग

आमच्याकडे याहून वाईट अवस्था आहे, म्हणून विचारतो. ऑटोलूमचा कारखाना आहे. दोन वर्षांपूर्वी मजुरी विक्रीच्या ६ टक्के होती, ती गेल्या वर्षी १९ टक्के झाली. कामगार तेवढेच, पगारवाढ नेहमीसारखी. विक्री ९ कोटींवरून ३ कोटींवर आली आहे, कारण स्वतः सूत घेणे बंद करून व्यापाऱ्याच्या सुतावर विणायला सुरुवात केली. मजुरी तिप्पट महाग झाल्याचे या तक्त्याने सिद्ध होते, तर कामगारांशी बोलणी कशी करावीत?

खतावणी

दादा, तुमच्या मजुरीत काहीच घडलेले नाही. ९ कोटींचे ६ टक्के म्हणजे ५४ लाख आणि ३ कोटींचे १९ टक्के म्हणजे ५७ लाख. भाजक बदलला आहे. पूर्वी तुमच्या विक्रीत सुताची किंमत होती, आता फक्त विणाईची मजुरी आहे. हे दोन वेगळे धंदे एका तक्त्यात बसवले आहेत. हा तक्ता घेऊन कृपया कामगारांसमोर बसू नका. सुताची किंमत दोन्ही वर्षांच्या विक्रीतून वजा करून उरलेल्या रकमेवर टक्के काढा, आणि पिकाला किती पैसे सुटतात तो तुमचा रोजचा हिशेब त्याच्या शेजारी ठेवा.

जमाखर्च साहेबांच्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. विक्रीने भागलेला तक्ता कोठे पाहायचे ते दाखवतो. का झाले ते दाखवत नाही. आणि शिरोलीच्या तक्त्यातली सर्वांत महत्त्वाची हालचाल मात्र टनांनी नव्हे, विक्रीने भागूनच दिसते. ती अजून कोणी मांडलेली नाही.

दुरुस्त केलेल्या आकड्यांत मजुरी, घसारा आणि व्याज या तीन ओळी एकत्र घ्या. पहिल्या वर्षी त्या विक्रीच्या १३ टक्के होत्या, तिसऱ्या वर्षी २० टक्के आहेत. कच्चा माल, वीज आणि जॉबवर्क एकत्र घेतले, तर ७६ टक्क्यांवरून ६९ टक्के. म्हणजे विक्रीचे सात टक्के, जे काम असेल तरच द्यावे लागत होते, ते आता काम असो वा नसो द्यावे लागतात. उद्यमनगरातल्या मशिनिंगवाल्याला काम नसेल त्या महिन्यात बिल द्यावे लागत नव्हते. बँकेचा हप्ता महिना पाहत नाही.

नफ्याचा टक्का सारखाच असल्यामुळे हा बदल झाकला गेला. तो उघडा पाडण्यासाठी दोन्ही वर्षांच्या रचनेवर विक्री २० टक्के घटवून पाहा. टन घटले आहेत असे धरा, आणि इतर खर्चही हलत नाहीत असे समजा. २०२२-२३ च्या रचनेत १२० लाखांच्या नफ्यातले ११५ लाख जातात आणि तुम्ही कसेबसे काठावर राहता. २०२४-२५ च्या रचनेत १२८ लाखांच्या नफ्यावर १६१ लाखांचा घाव बसतो आणि ३३ लाखांचा तोटा होतो. ट्रॅक्टरची मागणी पावसावर हेलकावे खाते हे तुम्हाला सांगायला नको. अधिकाऱ्यांनी मधल्या ओळींवर बोट ठेवले ते याच भीतीने असावे.

घसाऱ्याविषयी मात्र घाबरू नका, त्यातला काही भाग तारखेचा खेळ आहे. २४ ऑक्टोबर २०२३ ला यंत्रे चालू झाली, म्हणजे त्या आर्थिक वर्षात ती १८० दिवसांपेक्षा कमी वापरली गेली. म्हणून आयकराच्या पद्धतीने १५ ऐवजी साडेसात टक्केच घसारा लागला, साधारण ५१ लाख. पुढच्या वर्षी पूर्ण दर लागून तो ९४ लाखांवर गेला. घसारा १९२ वरून २७१ वर चढण्याचे कारण एवढेच. २०२४-२५ मध्ये नवे काही घेतलेले नसावे. मुहूर्त तीन आठवडे आधीचा साधला असता, तर ही उडी एकाच वर्षात दिसली असती. आणि घटत्या शिलकीवर घसारा असल्यामुळे, नवे यंत्र घेतले नाही तर पुढच्या वर्षी १३० चे ११० लाख आपोआप होतील. तेव्हा खर्च आटोक्यात आणला म्हणून कोणी पाठ थोपटून घेऊ नये.

कर्जखाते_निवृत्त

मी बँकेच्या कर्ज विभागात बराच काळ काम केले आहे. खतावणी ताईंचे विवेचन पटले, पण दोन ठिकाणी माझे मत वेगळे आहे.

मजुरी सरसकट न हलणाऱ्या खर्चात टाकणे मला मान्य नाही. आपल्याकडच्या फाउंड्रीत मोल्डिंगचे आणि ओतकामाचे बरेच लोक ठेक्यावर असतात आणि काम घटले की पाळीच बंद होते. मजुरीचा अर्धा भाग जरी हलता धरला, तरी ३३ लाखांच्या तोट्याऐवजी तोटा सहा लाखांच्या आसपास येतो, आणि हा फरक लहान नाही. दुसरे असे, की विक्री २० टक्के घटली ती टन घटल्यामुळे की पिग आयर्नचा दर उतरल्यामुळे, यावर सगळे अवलंबून आहे. दर उतरल्याने विक्री घटली तर कच्चा मालही उतरतो आणि नफ्याला फारसा धक्का बसत नाही.

आधारवर्षावरही माझा आक्षेप आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात पिग आयर्नचे दर खूप चढले होते, केंद्राने २२ मे २०२२ पासून त्यावर १५ टक्के निर्यात शुल्क लावले आणि नोव्हेंबरमध्ये ते काढले. त्या वर्षाचा सरासरी दर म्हणजे दोन वेगळ्या बाजारांची खिचडी आहे. २०२३-२४ ला १०० धरले, तर विक्री १०८ आणि कच्चा माल १०६ येतो. सहा अंकांची दरी दोनवर येते. आमच्याकडे सीएमए तक्त्यात तीन वर्षे मागायचो, पण आधार कोणता धरला हे क्वचितच कोणी विचारायचे.

खतावणी

आधारवर्षाचा मुद्दा बिनशर्त मान्य. टन आणि दर यांच्याबद्दल मी आधीच टन घटले असे धरले होते, पण तुम्ही ते ठळक केलेत ते बरे झाले.

मजुरीबाबत मी अजून ठाम आहे. नव्या यंत्रांवरचे ऑपरेटर, सेटर आणि तपासनीस पगारावर असतात. तीन वर्षांतली मजुरीची वाढ मुख्यतः त्यांचीच असणार. एक सेटर सोडून गेला की महिनाभर यंत्र नीट चालत नाही, म्हणून काम घटले तरी मालक त्याला सोडत नाही. अर्धी मजुरी हलती हा तुमचा अंदाज जुन्या फाउंड्रीला लागू पडतो, या नव्या रचनेला लागू पडेल असे मला वाटत नाही.

एमकॉम_विद्यानगर

शिवाजी विद्यापीठातल्या प्रकल्पासाठी हाच अभ्यास करत आहे. स्प्रेडशीटमध्ये सूत्र खाली ओढले की दोन्ही तक्त्यांत चुकीचे आकडे येतात. विक्री पाचव्या ओळीत आणि पहिले वर्ष बी स्तंभात आहे.

जमाखर्च_जयसिंगपूर

डॉलरची खूण दोन्हीकडे वेगळ्या जागी लागते. कॉमन साइजमध्ये ओळ अडकवायची, कलात स्तंभ अडकवायचा.

```
=D7/D$5*100
=D7/$B7*100
```

पहिले सूत्र टक्क्याचे, दुसरे कलाचे. एखाद्या खर्चाचा पहिल्या वर्षीचा आकडा फारच लहान असेल, तर त्याचा कल काढू नका. दोन लाखांचे सहा लाख झाले की ३०० दिसते आणि परीक्षक तिथेच अडकतात.

शिरोलीची_भट्टी

सर्वांचे आभार. मी यंत्रांचा वेगळा हिशेब मांडून पाहिला. पूर्वीसारखेच बाहेरून काम करून घेतले असते, तर २७०० टनांना जुन्या दराने २७० लाख जॉबवर्क लागले असते, लागले १३०. म्हणजे १४० लाख वाचले. त्याच्यासमोर टनांच्या वाढीपेक्षा जास्त गेलेली मजुरी २९ लाख आणि वीज १४ लाख. घसारा बाजूला ठेवला तर व्याजाआधी ९७ लाख सुटतात. मुदत कर्जाचे व्याज साधारण ४८ लाख आहे. उरलेल्या ४९ लाखांत मुद्दलाचे हप्ते बसत नाहीत, ते भट्टीच्या नफ्यातून जात आहेत.

वडिलांना हे दाखवले. त्यांचे म्हणणे, मशिनिंग घरात घेतले नसते तर तो ग्राहकच राहिला नसता, आणि तो गेला असता तर किती टन गेले असते ते या तक्त्यात कोठे लिहिले आहे? याचे उत्तर मला सुचत नाही. यंत्रे सध्या दीड पाळी चालतात. दुसरी पाळी भरण्यासाठी बाहेरचे मशिनिंग घ्यावे का, यावर घरात वाद चालू आहे.

मजुरी पगारावरची आणि ठेक्यावरची अशी वेगळी करत आहे. २०२५-२६ च्या पहिल्या सहामाहीचे आकडेही याच तक्त्यात चौथा स्तंभ म्हणून घालीन.

कर्जखाते_निवृत्त

सहामाही घालताना घसारा आणि बोनसची तरतूद स्वतः अर्ध्या वर्षाची करून घाला. बहुतेक ठिकाणी त्या नोंदी मार्चमध्येच पडतात, आणि सप्टेंबरचा नफा त्यामुळे फुगलेला दिसतो. सप्टेंबरअखेरचा मालसाठाही मोजूनच घ्या, अंदाजाने लिहिलेला साठा कच्च्या मालाचा टक्का हवा तसा वाकवतो. यंत्रे दीड पाळीच चालतात ही माहिती अधिकाऱ्यांना मात्र आत्ताच द्या. ते पाहणीला येतील तेव्हा लॉगबुक मागणारच आहेत.